११४० शब्दांचा एसओपी ५०० शब्दांत: कापायचं काय, आणि कोणत्या क्रमाने

शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की माझ्याकडे येणाऱ्या एसओपींच्या, म्हणजे 'हे का शिकायचं आहे' ते सांगणाऱ्या निबंधांच्या, बहुतेक मसुद्यांची गत सारखीच असते. मर्यादा ५०० शब्दांची आणि कागदावर हजाराच्या वर. मग मुलं पहिल्या वाक्यापासून कात्री चालवायला लागतात. 'व्हेरी' काढ, विशेषण काढ, दोन वाक्यं जोड. तासाभरात ११४० चे ९०० होतात आणि तिथे गाडी अडते. शेवटी वैतागून एखादा अख्खा परिच्छेद उडवला जातो, आणि तो बहुधा शेवटच्या दोनांपैकी असतो. समितीला जे वाचायचं असतं, म्हणजे हाच अभ्यासक्रम का आणि शिकून आल्यावर काय करणार, ते नेमकं तिथेच असतं.

असं होतं कारण अशा निबंधात फुगवटा शब्दांचा कमी आणि दाव्यांचा जास्त असतो. 'मला या विषयाची मनापासून ओढ आहे' हे एकदा बालपणाच्या गोष्टीतून सांगितलेलं असतं, एकदा कॉलेजच्या, एकदा नोकरीच्या. शब्द वेगळे असल्यामुळे लिहिणाऱ्याला ती पुनरावृत्ती वाटतच नाही. म्हणून आधी दावे मोजायचे, शब्दांना हात सगळ्यात शेवटी लावायचा.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. नागपूरची सिव्हिल इंजिनिअर मुलगी, नाग नदीकाठच्या वस्तीत घर, एका सल्लागार कंपनीत १४ महिन्यांची नोकरी, आणि परदेशात शहरी जलनिस्सारणात मास्टर्स करण्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. निबंध अर्थातच इंग्रजीत होता. इथले उतारे मराठीत दिले आहेत, शब्दांचे आकडे मात्र मूळ इंग्रजीचे आहेत.

## टप्पा १: मसुदा बाजूला ठेवा, आधी अर्ज पूर्ण वाचा

फक्त निबंधाचा प्रश्न वाचून भागत नाही. अर्जातले सगळे रकाने वाचा आणि कोणती माहिती दुसरीकडे द्यायचीच आहे ते लिहून काढा. दहावी, बारावी, पदवीचे गुण वेगळ्या रकान्यात असतात. नोकरीच्या तारखा सीव्हीत असतात. तुमची चिकाटी, नेतृत्व, स्वभाव यांवर शिफारसपत्रं लिहिणारे लिहितात, आणि ते तिसऱ्या माणसाने लिहिलेलं असल्यामुळे त्याला वजनही जास्त असतं. ही तिन्ही कामं निबंधाकडून करून घ्यायची गरज नाही.

मग प्रश्न वाचा आणि त्यात किती वेगळ्या गोष्टी विचारल्या आहेत त्या मोजा. या मुलीच्या अर्जात चार होत्या: कोणत्या प्रश्नावर काम करायचं आहे, त्यासाठी आजवर काय केलं, हाच अभ्यासक्रम का, आणि परतल्यावर काय. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लिहिलेला एसओपी तसाच उचलून इथे चिकटवला की चौथा भाग हमखास दुबळा पडतो, कारण प्रवेश समिती तो फारसा विचारत नाही. शिष्यवृत्ती देणारा मात्र पैसे देणार असतो, त्यामुळे त्याची नजर आधी तिथेच जाते.

तपासा: प्रश्नातल्या प्रत्येक भागासाठी मसुद्यात आज किती शब्द आहेत? या मुलीच्या मसुद्यात 'हाच अभ्यासक्रम का' याला ९० शब्द होते आणि 'परतल्यावर काय' याला जेमतेम २०. म्हणजे प्रश्नाच्या निम्म्या भागाला ११४० पैकी ११० शब्द. बाकीचे हजारावर शब्द उरलेल्या दोन भागांत, तेही बरेचसे फिरून फिरून तेच.

## टप्पा २: प्रत्येक परिच्छेदासमोर लिहा, हा काय पटवतोय

मसुदा एका बाजूने छापून घ्या आणि समासाला चांगली जागा सोडा. स्क्रीनवर हे काम नीट होत नाही, कारण नऊ परिच्छेद एकाच वेळी डोळ्यासमोर राहत नाहीत. प्रत्येक परिच्छेदासमोर एकच ओळ लिहायची. त्यात *काय सांगितलं* ते नको. *वाचणाऱ्याने काय मान्य करावं म्हणून सांगितलं* ते हवं.

या मसुद्याचे परिच्छेद असे निघाले:

1. पाण्यावरचं सुभाषितवजा वाक्य आणि 'लहानपणापासून ओढ' (१२० शब्द)
2. घरासमोर दर पावसाळ्यात साचणारं पाणी (१५०)
3. गुण, आवडते विषय, मिळालेली बक्षिसं (१७०)
4. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प (१६०)
5. एनएसएसमध्ये नाली सफाई (११०)
6. नोकरी, नालीच्या तोंडावर बसवलेल्या जाळ्यांचं सर्वेक्षण (१७०)
7. सप्टेंबर २०२३ चा पूर (१००)
8. विद्यापीठाचं मानांकन, 'जागतिक दर्जाचे प्राध्यापक' (९०)
9. भविष्य, पुन्हा ओढ, आभार (७०)

समोरच्या ओळी लिहून झाल्यावर चित्र बदललं. 'पाणी तुंबण्याचा प्रश्न मी जवळून पाहिला आहे' हा दावा १, २, ५, ७ आणि ९ मध्ये, म्हणजे पाच वेळा होता. 'मला या विषयाची ओढ आहे' हा चार वेळा. 'मी संघात काम करू शकते' तीन वेळा. तांत्रिक क्षमतेचा दावा ३, ४ आणि ६ मध्ये होता, पण तिन्ही ठिकाणी नुसताच दावा, पुरावा कुठेच नाही.

सावधान: समोरच्या ओळीत 'माझी ओळख', 'पार्श्वभूमी' असं लिहू नका. ती फक्त शीर्षकं झाली. पटवण्याचं वाक्य सुचत नसेल तर तो परिच्छेद काहीच पटवत नाही, आणि तो कापताना हात थरथरायचं कारण नाही.

## टप्पा ३: एका दाव्याला एकच पुरावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घाईत हाच टप्पा गाळला जातो.

एकाच दाव्याचे सगळे पुरावे शेजारी शेजारी मांडा आणि त्यातला एक ठेवा. निवडताना तीन गोष्टी बघा. त्यात तुम्ही स्वतः काही केलं आहे का? तो तपशील दुसरा अर्जदार लिहू शकेल का? आणि तो निबंधाच्या मूळ प्रश्नाशी जुळतो का? तिसऱ्या कसोटीवर भलेभले पुरावे गळतात.

या मुलीला सातवा परिच्छेद सगळ्यात प्रिय होता. २०२३ च्या सप्टेंबरात, २३ तारखेच्या पहाटे नागपुरात धो धो पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. शहरात कुणालाही विचारा, ती पहाट आठवते. परिच्छेद लिहिलाही चांगला होता.

"मॅडम, हाच काढायचा? सगळ्यात दमदार तर हाच आहे."

मी तिला विचारलं, त्या पहाटे पाणी कुठून आलं?

"तलावातून. नदीतून."

आणि तुझा अभ्यास कशावर आहे?

"रस्त्यावरचं पाणी नालीत का उतरत नाही, यावर." मग तिचं तिलाच उमगलं. तलाव ओसंडून आलेला पूर आणि जाळी बुजल्यामुळे रस्त्यावर साचणारं पाणी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. समितीत या विषयातला एक माणूस बसला असेल तरी त्याला वाटणार की अर्जदाराला हा फरकच कळत नाही. प्रसंग जितका दमदार, तितका तो निबंधाला भलत्या दिशेने ओढतो. शंभर शब्द गेले.

एनएसएसची सफाई तिसऱ्या कसोटीवर टिकली, पण पहिल्या दोन्हींवर गळली. ते काम चाळीस जणांनी केलेलं, तिचा वाटा वेगळा दिसत नव्हता. सुभाषित तर कुणीही लिहू शकतं. प्रश्न जवळून पाहिल्याचा पुरावा म्हणून शेवटी घरासमोरची गल्ली उरली, तीही १५० शब्दांवरून एका दृश्यावर आली.

'ओढ' या दाव्याला मी एकही पुरावा ठेवू दिला नाही. जो माणूस घरासमोरच्या नालीची मापं स्वतः घेतो, पुढे नोकरीतही तोच प्रश्न घेऊन बसतो, त्याची ओढ वाचणाऱ्याला दिसतेच. ती शब्दांत सांगायला गेलं की उगाच शंका येते. संघभावनेचं वाक्यही काढलं, कारण कॉलेजमधले मार्गदर्शक शिफारसपत्रात तेच लिहिणार होते. (त्यांना तसं आधी सांगून ठेवा. शिफारसपत्रात पुन्हा गुणपत्रिकाच आली तर दोन्हीकडून नुकसान.)

तपासा: उरलेले पुरावे एका हाताच्या बोटांवर मोजता यायला हवेत. ५०० शब्दांत तीन ते चार पुरावे नीट बसतात. सहा बसवले तर एकही धड सांगून होत नाही.

## टप्पा ४: पाच वाक्यांचा कणा

आता पुरावे ओळीने लावायचे. सवयीने मुलं काळाचा क्रम धरतात: शाळा, कॉलेज, नोकरी, भविष्य. त्यातून सीव्हीच गद्यात उतरतो. एका गोष्टीतून दुसरी कशी निघाली हा क्रम धरा. त्यासाठी पाच वाक्यं लिहा आणि दर दोन वाक्यांमध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसतं का ते बघा. 'शिवाय' किंवा 'तसेच' सोडून काही बसत नसेल तर तिथे सांधा नाही.

या मुलीचा पहिला कणा असा होता: घरासमोर पाणी साचायचं, तसेच मी सिव्हिल शिकले, तसेच प्रकल्प केला, तसेच नोकरी केली, आता मास्टर्स करायचं आहे. एकही सांधा नाही. मग मी तिला विचारलं, प्रकल्पातून नक्की काय निघालं? ११४० शब्दांत ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"काही विशेष नाही मॅडम. मॉडेल म्हणत होतं नाली पुरेशी आहे. म्हणजे निष्कर्ष चुकलाच."

ते निबंधात न लिहिण्याचं तिचं कारण हेच होतं, आणि सगळा निबंध तर त्यावरच उभा राहणार होता. दुसरा कणा असा झाला:

1. आमच्या गल्लीतली नाली नवी आहे, तरी अर्ध्या तासाच्या पावसात घोटाभर पाणी साचतं.
2. *म्हणून* शेवटच्या वर्षी आम्ही त्याच नालीचं मॉडेल केलं. ते म्हणालं, नालीची क्षमता पुरेशी आहे.
3. *पण* पाणी साचतच होतं. *म्हणून* नोकरीत जाळ्यांचं सर्वेक्षण मिळालं तेव्हा त्यांची उघडी जागा मोजली, आणि बहुतेक जाळ्या अर्ध्याहून जास्त बुजलेल्या निघाल्या.
4. *पण* बुजलेली जाळी किती पाणी आत घेते हे मोजायची आणि मॉडेलमध्ये बसवायची पद्धत मला येत नाही. *म्हणून* हा अभ्यासक्रम.
5. *म्हणून* परतल्यावर पावसाआधी कोणत्या जाळ्या सगळ्यात आधी साफ करायच्या, हे ठरवता येईल असं काम.

चौथं वाक्य नीट बघा. अडलेली जागा सांगितल्याशिवाय 'हाच अभ्यासक्रम का' याचं उत्तर तयार होत नाही. मुलं अडल्याचं लपवतात आणि त्या जागी विद्यापीठाचं मानांकन लिहितात. विद्यापीठाला स्वतःचं मानांकन माहीत असतं.

सावधान: कण्यासाठी घटना बनवू नका, की कारण नसताना 'म्हणून' घुसवू नका. नोकरी घरची गरज म्हणून घेतली असेल तर ती संशोधनाच्या ध्यासाने घेतली असं लिहू नका. 'नोकरीत हे काम वाट्याला आलं तेव्हा' एवढं पुरतं, आणि मुलाखतीत ते निभावताही येतं.

## टप्पा ५: लिहिण्याआधी शब्द वाटून द्या

मर्यादा ५०० असेल तर ४८० चं वाटप करा. वरचे २० शेवटच्या दुरुस्तीसाठी लागतातच. आमचं वाटप असं: गल्ली ७०, प्रकल्प ११०, सर्वेक्षण १२०, अडचण आणि अभ्यासक्रम ११०, परतल्यावरचं काम ७०.

अभ्यासक्रम आणि परतीच्या कामाचे मिळून १८० झाले. आधीच्या मसुद्यात ते ११० होते. म्हणजे निबंध निम्म्याहून कमी झाला आणि हा भाग वाढला. वाटप करताना असं काही वाढलं नाही तर समजा की तुम्ही सगळंच सारख्या प्रमाणात आकसताय, आणि पुनरावृत्ती तशीच राहिली आहे.

## टप्पा ६: जुनी फाइल बंद करून नव्याने लिहा

जुन्या मसुद्यातून वाक्यं कॉपी करून जोडू नका. त्या वाक्यांना आधीच्या परिच्छेदांचे संदर्भ चिकटलेले असतात: 'वर म्हटल्याप्रमाणे', 'या अनुभवामुळेही', 'पुन्हा एकदा'. जोडकाम केलं की हे सगळे धागे लोंबत राहतात. समोर फक्त कणा आणि वाटपाचे आकडे ठेवा आणि कोऱ्या पानावर एका बैठकीत लिहा. पहिला हात ५५० पर्यंत गेला तरी चालेल.

प्रकल्पाचा जुना परिच्छेद थोडक्यात असा होता:

> शेवटच्या वर्षी पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरील एका अत्यंत आव्हानात्मक प्रकल्पावर काम करण्याची सुवर्णसंधी मला लाभली. आमच्या चौघांच्या गटाचं नेतृत्व मी केलं. अत्याधुनिक सॉफ्टवेअर वापरून आम्ही मॉडेल तयार केलं आणि निष्कर्षांचं सर्वांनी कौतुक केलं. यामुळे माझी या विषयाची ओढ अधिकच दृढ झाली आणि सांघिक कामाचं महत्त्व कळलं.

नवा असा झाला:

> शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी गल्लीतल्या त्याच नालीचं मॉडेल एसडब्ल्यूएमएममध्ये मांडलं. नालीची रुंदी, खोली आणि उतार मी स्वतः मोजले. मॉडेलनुसार तेवढ्या पावसात नाली अर्धीच भरायला हवी होती, पण रस्त्यावर पाणी उभं होतं. रस्त्यावरचं सगळं पाणी नालीत उतरतं, असं आम्ही धरून चाललो होतो. चूक तिथे होती हे तेव्हा मला कळलं नाही.

'अत्याधुनिक सॉफ्टवेअर' गेलं आणि सॉफ्टवेअरचं नाव आलं. 'नेतृत्व' गेलं आणि तिने काय मोजलं ते आलं. कौतुक गेलं, निष्कर्ष आला. शब्द कमी होऊनही माहिती वाढली, आणि शेवटचं वाक्य वाचणाऱ्याला थेट पुढच्या परिच्छेदात नेतं, त्यामुळे सांधण्यासाठी वेगळं वाक्य खर्ची पडत नाही.

सर्वेक्षणाच्या परिच्छेदात आकडे कमी ठेवा. तिच्याकडे सहा रस्त्यांचे तक्ते होते, सगळे घालायचा मोह होता. आम्ही एकच ठेवला: तिने स्वतः मोजलेल्या ६४ जाळ्यांपैकी ४१ अर्ध्याहून जास्त बुजलेल्या होत्या, माती आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी. त्याला जोडून एक निरीक्षण ठेवलं, की उताराच्या तळाशी असलेल्या जाळ्या, जिथे सगळं पाणी येऊन थांबतं, त्याच सगळ्यात जास्त बुजलेल्या होत्या. आकडा कुणीही लिहील. हे निरीक्षण त्या कडेला उकिडवं बसून जाळी मोजणाऱ्यालाच सुचतं.

अभ्यासक्रमाचा परिच्छेद लिहिताना संकेतस्थळावरचे विषय एकामागून एक उतरवू नका. चौथ्या वाक्यातल्या अडचणीला उत्तर देणारे दोन विषय पुरेत. तिने प्रयोगशाळेत जाळीची पाणी घेण्याची क्षमता मोजण्याचा भाग आणि शहरी निचऱ्याच्या मॉडेलिंगचा विषय, एवढे दोनच घेतले. प्रत्येकाला एक वाक्य, आणि त्यात हा विषय कुठल्या अडचणीसाठी हवा ते.

परतीच्या भागात बहुतेकांचा तोल जातो. 'देशाच्या जलव्यवस्थापनात क्रांती घडवायची आहे' हे २० शब्दांत म्हणता येतं आणि त्यावर कुणी विश्वासही ठेवत नाही. तिने लिहिलं की पहिली दोन वर्षं सल्लागार कंपनीतच काम करून, आधी सर्वेक्षण केलेल्या रस्त्यांसाठी सफाईचा अग्रक्रम दाखवणारा नकाशा तयार करायचा, आणि पावसाळ्याआधी तो वापरून बघायचा. बेत छोटा आहे, पण जागा ठरलेली आहे, काम ठरलेलं आहे, आणि बरोबर निघालं की नाही ते तपासता येतं.

तपासा: नवा मसुदा विषयातला नसलेल्या कुणाला तरी एकदाच वाचून दाखवा आणि तीन वाक्यांत परत सांगायला लावा. घरातलं कुणी असलं तरी चालेल, काका चालतील. 'हिला पाण्याची आवड आहे' एवढंच परत आलं तर कणा पोचला नाही. 'नाली मोठी असून पाणी का तुंबतं ते हिला सापडलं, पण मोजता येत नाही म्हणून शिकायला जातेय' असं आलं तर पुढे जा.

## टप्पा ७: आता शब्द कापा

कात्रीचं काम इथे. आता ते सोपं आहे, कारण उरलेलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे आणि कमी करायचे आहेत फक्त चाळीस-पन्नास शब्द.

आधी वाक्यांची सुरुवात तपासा. आपल्याकडच्या इंग्रजी निबंधांत सगळ्यात जास्त चरबी तिथे असते. तिच्या मसुद्यात एक वाक्य असं सुरू होत होतं: 'आय वॉज गिव्हन द अपॉर्च्युनिटी टू बी अ पार्ट ऑफ द टीम दॅट कॅरीड आउट द सर्व्हे ऑफ'. हे १८ शब्द. 'आय सर्व्हेड' म्हटलं की दोन. 'इन ऑर्डर टू' च्या जागी नुसतं 'टू'. 'फर्दरमोअर', 'मोअरओव्हर' सरळ काढा, कणा नीट असेल तर त्यांची गरज पडत नाही. दोन विशेषणं जोडीने आली असतील तर एक ठेवा.

एवढं करूनही २० शब्द जास्त राहिले तर प्रत्येक वाक्यातून एकेक शब्द ओरबाडू नका, वाक्यं तुटक आणि तारेसारखी होतात. त्यापेक्षा एक अख्खा तपशील काढा. आमच्याकडे गल्लीच्या दृश्यात शेजाऱ्यांनी दारात ठेवलेल्या विटांचं एक वाक्य होतं. छान होतं. काढलं.

सावधान: शब्द कापताना क्रियापदं फुगतात. 'सर्वेक्षणात मदत केली' चे शब्द वाचवायला 'सर्वेक्षण केलं' होतं आणि अर्थच बदलतो. वर जे 'आय सर्व्हेड' म्हटलं ते तिने त्या जाळ्या खरोखर एकटीने मोजल्या होत्या म्हणून. चौघांनी केलं असेल तर 'वुई' लिहा आणि तुमचा वाटा पुढच्या क्रियापदात दाखवा. कापून झाल्यावर प्रत्येक 'मी' खाली रेघ मारा आणि ते वाक्य सीव्ही आणि शिफारसपत्राशी जुळतं का बघा. मुलाखतीत खोदून विचारतात ते नेमकं इथेच.

## टप्पा ८: अर्जाच्या रकान्यात टाकून बघा

तुमच्या संगणकावरचा शब्दांचा आकडा आणि अर्जाच्या पोर्टलचा आकडा सारखा असेलच असं नाही. वर्डमध्ये दोन रिकाम्या जागांमधलं सगळं एक शब्द धरलं जातं. काही पोर्टल जोडरेघेने किंवा तिरक्या रेघेने जोडलेले शब्द वेगळे मोजतात. काही ठिकाणी तर मर्यादा शब्दांची नसते, अक्षरांची असते आणि त्यात मोकळ्या जागाही धरतात. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट न बघता मसुदा रकान्यात टाकून बघा. शब्द वाचवायला तिरकी रेघ मारून तीन शब्द एकत्र जोडायची युक्ती करू नका, वाचणाऱ्याला ती लगेच दिसते.

टाकण्याआधी मजकूर साध्या नोटपॅडमधून फिरवून घ्या, म्हणजे वर्डमधली सजावट आणि वळणदार अवतरणचिन्हं आड येत नाहीत. काही पोर्टल परिच्छेदांमधली मोकळी ओळ खाऊन टाकतात आणि पाच परिच्छेदांचा एकच ढीग होतो, तेही बघा.

मग सेव्ह करा, लॉगआउट करा, पुन्हा लॉगिन करून प्रीव्ह्यू उघडा आणि शेवटचं वाक्य पूर्ण आहे का ते वाचा. मर्यादा ओलांडली तर काही रकाने इशारा देतात, काही मुकाट्याने मागचा मजकूर छाटतात. छाटला जातो तो परतल्यावरच्या कामाचा भाग. तिचा मसुदा वर्डमध्ये ४९६ होता आणि पोर्टलने ५०३ दाखवले, जोडरेघांच्या शब्दांमुळे. दोन जोडशब्द बदलले, पहिल्या परिच्छेदातलं एक क्रियाविशेषण काढलं, आणि तरी दोन-तीन शब्दांची जागा राखून ठेवली.